परवाना कोणाच्या नावावर? क्लायंटच्या कामातील फॉन्ट, स्टॉक छायाचित्रे आणि संगीत

फ्रीलान्सर आणि क्लायंट यांच्या करारात एक वाक्य हमखास असते: "संपूर्ण मोबदला मिळाल्यानंतर कामाचे सर्व हक्क क्लायंटकडे जातील." वाक्य साधे दिसते आणि दोन्ही बाजू ते फारसा विचार न करता मान्य करतात. अडचण अशी की त्या कामात फ्रीलान्सरने स्वतः निर्माण केलेल्या भागाबरोबर इतरांकडून केवळ वापरापुरता घेतलेला भागही असतो. मजकुराचा फॉन्ट एखाद्या फाउंड्रीचा, म्हणजे फॉन्ट तयार करणाऱ्या संस्थेचा असतो, छायाचित्र स्टॉक संस्थेमार्फत आलेले असते आणि व्हिडिओचे संगीत आणखी कोणाचे तरी असते. या वस्तू आपण विकत घेतल्या असे बोलण्याच्या ओघात म्हणतो खरे, पण पैसे दिलेले असतात ते वापरण्याच्या परवानगीचे. आणि ती परवानगी कोणाला, कशासाठी व किती काळ आहे हे परवान्यात लिहिलेले असते. जे आपल्या मालकीचे नाही ते 'सर्व हक्कांसह' दुसऱ्याला देता येत नाही. तरीही करारावरील सही तसे दिल्याचे सांगते आणि पुढे कोणी दावा केला तर क्लायंट त्याच सहीकडे बोट दाखवतो.

म्हणून काम हवाली करताना प्रत्येक उसन्या वस्तूबाबत तीन गोष्टी पाहाव्या लागतात: परवाना कोणाच्या नावावर आहे, ती वस्तू क्लायंटकडे कोणत्या रूपात जाणार आहे आणि आपली वर्गणी थांबल्यावर तिचे काय होणार आहे. पुढील विवेचन एका कल्पित कामाच्या आधारे केले आहे. साबण तयार करणारी एक छोटी कंपनी नवे उत्पादन आणत आहे. तिने एका फ्रीलान्सरकडून लोगो, खोक्याची रचना, वेबसाइट आणि एक मिनिटाचा व्हिडिओ करून घेतला आहे. हा व्हिडिओ यूट्यूबवर जाईलच, शिवाय पैसे देऊन जाहिरात म्हणूनही दाखवला जाईल. काम मंजूर झाल्यावर कंपनीकडून मेल येतो: "सगळ्या सोर्स फाइल्स फॉन्टसकट पाठवा, पुढचे बदल आमचा माणूस करील."

या मेलमधला 'फॉन्टसकट' हा शब्द आधी पाहू. फॉन्ट म्हणजे अक्षरांची नुसती चित्रे नव्हेत. परवान्याच्या दृष्टीने ते एक सॉफ्टवेअर असते. फाउंड्रीकडून घेतलेला नेहमीचा डेस्कटॉप परवाना ठरावीक संख्येच्या वापरकर्त्यांसाठी किंवा संगणकांसाठी असतो. फ्रीलान्सरने एका वापरकर्त्याचा परवाना घेतला असेल, तर तो फॉन्ट वापरून खोके, पत्रके, पीडीएफ असे कितीही काम करून देण्यास सहसा हरकत नसते. मात्र तीच फॉन्ट-फाइल कंपनीच्या माणसाला पाठवली की दुसरा वापरकर्ता तयार होतो आणि त्याचा परवाना कोणीच घेतलेला नसतो. रचनेच्या सॉफ्टवेअरमधील 'पॅकेज' ही आज्ञा दस्तऐवजातील फॉन्ट निमूटपणे एका फोल्डरमध्ये गोळा करते, आणि ते फोल्डर झिप करून पाठवणे इतके सवयीचे झालेले आहे की त्यात काही गैर आहे असे वाटतही नाही. अडोबी फॉन्ट्सच्या बाबतीत ही चूक आपोआप टळते, कारण त्या सेवेतील फॉन्ट पॅकेजमध्ये कॉपीच होत नाहीत. क्लायंटला ती फाइल संपादित करायची असेल तर त्याने स्वतःची वर्गणी घ्यावी लागते. छपाईसाठी मुद्रकाला फाइल देतानाही हाच विचार लागू होतो. काही परवाने त्या कामापुरती एक प्रत मुद्रकाला देण्याची मुभा देतात, काही देत नाहीत, आणि फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट फाइलच्या आतच बसवलेली पीडीएफ दिली तर बहुतेक वेळा हा प्रश्नच उरत नाही.

आपल्या साबणाच्या कामात खोक्याची अंतिम फाइल छपाईला गेली की फॉन्टचा विषय संपतो. लोगोचेही तसेच: अक्षरांचे आउटलाइन केले की त्या फाइलमध्ये फॉन्ट उरत नाही, केवळ आकार उरतात. येथे दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. काही फाउंड्री लोगोतील वापरासाठी वेगळा परवाना मागतात. आणि 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असे लिहून दिलेला फॉन्ट आउटलाइन केल्याने व्यावसायिक वापरास मोकळा होत नाही. मोफत डाउनलोडच्या संकेतस्थळांवर अशा फॉन्टची संख्या फार मोठी आहे, आणि ती ओळ बहुधा झिपमधल्या एखाद्या मजकुराच्या फाइलमध्ये असते, जी कोणी उघडत नाही.

वेबसाइटचा मामला वेगळा आहे. वेबपृष्ठावर फॉन्टची फाइल सर्व्हरवरून प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरकडे जाते, म्हणून त्यासाठी वेगळा वेब परवाना असतो आणि तो अनेकदा दरमहा किती पृष्ठे पाहिली जातात यावर किंवा डोमेनवर मोजला जातो. डेस्कटॉप फॉन्ट एखाद्या ऑनलाइन साधनाने वेबच्या स्वरूपात बदलून साइटवर चढवणे हे जवळजवळ नेहमीच परवान्याबाहेरचे असते. वेबसाइट वर्षानुवर्षे क्लायंटची राहणार, पृष्ठांची संख्या त्याच्या धंद्याबरोबर वाढणार. त्यामुळे हा परवाना त्याच्याच खात्यावर घेतलेला असावा. फ्रीलान्सरने आपल्या वर्गणीतून क्लायंटच्या साइटला फॉन्ट पुरवला, तर वर्गणी बंद झाल्याच्या दिवशी साइटवरील मजकूर दुसऱ्याच फॉन्टमध्ये दिसू लागतो आणि क्लायंटला त्याचे कारण कळत नाही.

हातातल्या फॉन्टबद्दल शंका असेल तर फॉन्टच्या फाइललाच विचारता येते. फाइलमध्ये परवान्याचा मजकूर आणि त्याचा दुवा साठवण्याची जागा असते. पीडीएफमध्ये नक्की कोणते फॉन्ट गेले आहेत हेही पाहता येते. त्यासाठी टर्मिनलमध्ये द्यायच्या दोन आज्ञा अशा:

```
otfinfo -i heading.otf
pdffonts box-final.pdf
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात `License Description` आणि `License URL` या ओळी पाहाव्यात. दुसरीच्या उत्तरात `emb` या स्तंभाखाली `yes` असेल तर तो फॉन्ट एम्बेड झालेला आहे, आणि `sub` खाली `yes` असेल तर वापरलेली अक्षरेच आत गेली आहेत. काही वेळा या यादीत आपण वापरल्याचे आठवतही नाही असा एखादा फॉन्ट सापडतो. क्लायंटने पाठवलेल्या वर्ड फाइलमधून तो चिकटून आलेला असतो. फॉन्टमध्ये एम्बेड करण्याच्या मुभेची एक खूणही असते, पण ती केवळ सूचना आहे. सॉफ्टवेअरने अडवले नाही म्हणून परवानगी आहे असे होत नाही. अंतिम शब्द परवान्याच्या मजकुराचाच.

या सगळ्यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे ओपन फॉन्ट लायसन्सखालील फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवरील बहुतांश फॉन्ट याच परवान्याचे आहेत. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे आपल्या परिचयाचे फॉन्टही त्यातलेच. ते छपाईत, वेबवर, ॲपमध्ये, व्यावसायिक कामात वापरता येतात आणि क्लायंटला फाइलही देता येते. अट एवढीच की सोबत `OFL.txt` ही परवान्याची फाइल जावी आणि फॉन्ट सुटा विकला जाऊ नये. फॉन्टमध्ये बदल केला तर राखीव ठेवलेले मूळ नाव वापरू नये. क्लायंट सोर्स फाइल्स मागणार हे सुरुवातीपासून माहीत असेल, तर माझ्या मते फॉन्टची निवड येथूनच सुरू करावी. सौंदर्यदृष्टीला थोडी मुरड पडेल, पण पुढचा पत्रव्यवहार वाचेल.

आता खोक्यावरचे छायाचित्र. समजा, त्यावर स्टॉक संस्थेकडून घेतलेला एका हसऱ्या तरुणीचा चेहरा आहे. 'रॉयल्टी-फ्री' या शब्दाने येथे पुष्कळांची फसगत होते. त्याचा अर्थ एकदा शुल्क भरल्यावर प्रत्येक वापरामागे पुन्हा रॉयल्टी द्यावी लागत नाही इतकाच आहे. छायाचित्र फुकट आहे किंवा त्याला मर्यादा नाहीत असा नाही. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक यांच्या साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा ५ लाख आहे. छोट्या कंपनीला ती पुरेल, पण खोकी काही वर्षे छापली जाणार असतील तर एकूण प्रतींचा अंदाज क्लायंटकडून लेखी घ्यावा. दुसरी मर्यादा वापराच्या स्वरूपाची आहे. खोक्यावर छायाचित्र छापले तरी ग्राहक पैसे मोजतो ते साबणासाठी. पण उद्या कंपनीने तेच चित्र टी-शर्टवर किंवा भिंतीवरच्या पोस्टरवर छापून विकायला काढले, तर मालाचे मोल चित्रातच असते आणि त्यासाठी विस्तारित परवाना लागतो. तिसरी बाब लोगोची: स्टॉक चित्र किंवा त्यातील आकृती लोगोत वापरण्यास या संस्थांचे परवाने मनाई करतात. कारण समजण्यासारखे आहे. ट्रेडमार्क म्हणजे एकाचाच हक्क, आणि ती आकृती तर कोणीही पैसे भरून घेऊ शकतो.

परवाना कोणाचा, हा प्रश्न चित्रांतही उरतोच. स्टॉक संस्था फ्रीलान्सरला क्लायंटसाठी चित्र घेऊ देतात, पण एका क्लायंटसाठी. साबणाच्या कामात घेतलेले चित्र आपल्या हार्ड डिस्कवर आहेच, तर ते दुसऱ्या क्लायंटच्या पत्रकातही वापरावे, हे चालत नाही; दुसऱ्यासाठी पुन्हा परवाना घ्यावा लागतो. वर्गणीने चालणाऱ्या काही सेवांमध्ये तर प्रत्येक वापर एखाद्या प्रकल्पाच्या नावाने नोंदवावा लागतो. नोंद न करता उतरवून ठेवलेल्या फाइलचा वर्गणी संपल्यावर नव्या कामात वापर करता येत नाही.

चेहऱ्याचा प्रश्न मात्र स्वामित्वहक्काच्या पलीकडचा आहे, आणि अनुभवी माणसेही येथे घसरतात. छायाचित्रकाराने परवानगी दिली तरी चित्रातील व्यक्तीची संमती वेगळी लागते. तिला मॉडेल रिलीज म्हणतात. 'केवळ संपादकीय वापरासाठी' असा शेरा असलेल्या चित्रांना बहुधा ही संमती नसते, त्यामुळे ती बातमीत चालतात, जाहिरातीत किंवा खोक्यावर नाही. रिलीज असले तरी ते सर्व प्रसंगांना पुरत नाही. आपला साबण मुरुमांवरचा आहे असे समजा आणि वेबसाइटवर त्या तरुणीच्या चित्राखाली "सहा आठवड्यांत माझी त्वचा बदलली" असे वाक्य टाकले आहे. तिला मुरुमे होती आणि तिने हा साबण वापरला, असे दोन्ही सुचवले गेले. यातले काहीच खरे नाही. एखाद्या मॉडेलला आजाराशी जोडणे, किंवा ती उत्पादनाची शिफारस करते असे भासवणे, यावर स्टॉक परवान्यांमध्ये स्पष्ट निर्बंध असतात. काही संस्था 'चित्रातील व्यक्ती मॉडेल आहे' असा खुलासा मागतात, काही असा वापर नाकारतात. मजकूर बहुधा क्लायंटकडून येतो आणि रचना आधी झालेली असते, म्हणून अंतिम मजकूर चित्राशेजारी बसवून पाहिल्याशिवाय चित्राची तपासणी झाली असे मानू नये.

मोफत चित्रांच्या संकेतस्थळांचा परवाना उदार असतो, पण अनस्प्लॅशच्या परवान्यात चित्रातील व्यक्ती, बोधचिन्हे किंवा कलाकृती यांचे हक्क समाविष्ट नाहीत. चित्र चढवणाऱ्याने ते स्वतः काढले आहे याची हमीही वापरणाऱ्याला फारशी मिळत नाही. वेबसाइटच्या पार्श्वभूमीला दगडाचा पोत हवा असेल तर असे चित्र बिनधास्त घ्यावे. खोक्यावर चेहरा हवा असेल तर रिलीज असलेल्या चित्राला पैसे मोजावेत.

व्हिडिओच्या संगीताकडे वळू. एका ध्वनिमुद्रित गाण्यात दोन स्वतंत्र हक्क असतात: एक रचनेचा आणि दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. चित्राबरोबर संगीत जोडायचे तर दोन्हींची परवानगी लागते. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची सिंफनी मुक्त झालेली असली, तरी अलीकडे एखाद्या वाद्यवृंदाने केलेले तिचे ध्वनिमुद्रण मुक्त नसते. स्टॉक संगीताची सोय हीच की ते दोन्ही हक्क एकाच परवान्यात देते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर सर्वांना वापरू दिलेले संगीत घेणार असाल तर एक बारकावा पाहावा: हलत्या चित्राशी संगीत जुळवणे हे त्या परवान्यांनुसार नेहमीच रूपांतर मानले जाते. म्हणून 'बदल नको' अशी अट असलेला तुकडा, एक स्वरही न बदलता वापरला तरी, व्हिडिओखाली घालता येत नाही. 'त्याच परवान्याने वाटावे' अशी अट असेल तर क्लायंटची जाहिरातच त्या परवान्याखाली द्यावी लागेल, आणि 'व्यावसायिक वापर नको' ही अट तर जाहिरातीला सरळ बाद करते.

वर्गणीच्या संगीतसेवांत प्रश्न पुन्हा नावावर येतो. वैयक्तिक योजना बहुधा वर्गणीदाराच्या स्वतःच्या चॅनेलपुरती असते. क्लायंटच्या कामासाठी आणि पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातीसाठी वरची योजना लागते. फ्रीलान्सरच्या यूट्यूब चॅनेलवर निर्धोक चाललेला तुकडा क्लायंटच्या चॅनेलवर गेला की दावा येतो, याचे कारण सेवेने फ्रीलान्सरचे चॅनेल नोंदवून ठेवलेले असते, क्लायंटचे नाही. सोशल मीडिया ॲपमध्येच मिळणारी लोकप्रिय गाणी हा तर सरळ सापळा आहे: ती वैयक्तिक, अव्यावसायिक पोस्टसाठी असतात, आणि एखाद्या गाण्याखाली हजारो ब्रँड नाचत असले तरी त्याने क्लायंटला परवाना मिळत नाही. व्यावसायिक खात्यांसाठी या कंपन्यांनी वेगळी संगीतसंग्रहे ठेवली आहेत.

यूट्यूबवर असा दावा येतो तेव्हा घाबरण्यापूर्वी तो कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे. कंटेंट आयडी ही यूट्यूबची नोंदवलेले संगीत आपोआप ओळखणारी व्यवस्था; तिचा दावा ही यंत्राने केलेली ओळख असते. त्याने व्हिडिओचे उत्पन्न दावेदाराकडे वळू शकते किंवा व्हिडिओ काही ठिकाणी बंद होऊ शकतो, पण तो स्ट्राइक, म्हणजे चॅनेलविरुद्धची ताकीद नव्हे. परवाना असूनही दावा येऊ शकतो, कारण स्टॉक संगीताचे निर्मातेही आपले तुकडे कंटेंट आयडीत नोंदवतात. आक्षेप नोंदवल्यावर दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. आपल्या साबणाची जाहिरात मात्र या आठवड्यात चालायची आहे. म्हणून व्हिडिओ आधी 'अनलिस्टेड', म्हणजे दुवा असलेल्यांनाच दिसेल असा ठेवून क्लायंटच्याच चॅनेलवर चढवावा, तपासणी पूर्ण होऊ द्यावी आणि मगच प्रकाशनाची तारीख ठरवावी. दावा आलाच तर परवान्याचा क्रमांक जोडून तो आक्षेप चॅनेलच्या मालकाला, म्हणजे क्लायंटला, नोंदवावा लागतो. तो कागद त्याच्याकडे आधीच असलेला बरा.

कागदांची व्यवस्था फार मोठी नको. प्रत्येक उसन्या वस्तूसाठी एक ओळ पुरते: वस्तूचे नाव व क्रमांक, कोठून घेतली, कोणत्या परवान्याने, कोणाच्या खात्यावर, कोणत्या तारखेला, कोणत्या वापरासाठी. त्या ओळीसोबत पावती आणि परवान्याच्या पानाची त्याच दिवशीची पीडीएफ प्रत ठेवावी. ही प्रत ठेवायचे कारण असे की अटी बदलतात. अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये सर्व बंधनांतून मुक्त अशा सीसी-शून्य परवान्याऐवजी स्वतःच्या अटी आणल्या. दुवा तोच राहिला तरी त्यामागचा मजकूर वेगळा झाला, आणि चित्र उतरवताना कोणता मजकूर होता हे नंतर सांगणे अवघड असते.

करारातही दोनच वाक्ये जोडावी लागतात. नमुना असा: "या कामातील तृतीय पक्षाचे फॉन्ट, छायाचित्रे व संगीत यांचे हक्क क्लायंटकडे हस्तांतरित होत नाहीत, त्यांचा वापर सोबतच्या यादीत नमूद केलेल्या परवान्यांच्या मर्यादेत करावयाचा आहे. यादीत ज्यांच्यापुढे 'क्लायंटने घ्यावयाचा परवाना' असे लिहिले आहे, ते परवाने काम प्रसिद्ध करण्यापूर्वी क्लायंट स्वतःच्या नावाने घेईल." हे वाक्य कोटेशनमध्येच असावे. काम संपल्यावर पाठवले तर क्लायंटला तो अचानक काढलेला खर्च वाटतो, आणि त्याचे तसे वाटणे चूक म्हणता येणार नाही. क्लायंटने स्वतः पुरवलेल्या चित्रांचेही या यादीत वेगळे खाते असावे आणि त्यांच्या परवान्याची जबाबदारी त्याच्याकडे राहील असे तेथेच नोंदवावे, कारण "ही चित्रे नेटवर होती" हे उत्तर नंतर ऐकायला मिळण्याची शक्यता असते.

आता त्या मेलला उत्तर देता येते. रचनेच्या सोर्स फाइल्स जातील. शीर्षकाचा फाउंड्रीचा फॉन्ट जाणार नाही, त्याऐवजी तो घेण्याचा दुवा आणि किती वापरकर्त्यांचा परवाना लागेल हे जाईल. मजकुराचा खुला फॉन्ट `OFL.txt` सह जाईल. छायाचित्र खोक्याच्या रचनेत बसवलेले असेल, पण सुटी मूळ फाइल द्यायची की नाही हे त्या संस्थेच्या अटी पाहून ठरेल. व्हिडिओची अंतिम प्रत जाईल. त्याची संपादनयोग्य प्रकल्प-फाइल द्यायची असेल तर संगीताचा ट्रॅक काढून द्यावा, कारण कंपनीच्या माणसाने पुढच्या वर्षी त्यातून पंधरा सेकंदांची नवी जाहिरात कापली तर ते बहुतेक सेवांच्या दृष्टीने नवे प्रकाशन ठरते. फ्रीलान्सरची वर्गणी त्या वेळी चालू नसेल, तर त्या पंधरा सेकंदांसाठी कंपनीला स्वतःचा परवाना घ्यावा लागेल.